अर्धा किलो माती आणि दोन एकर शेत
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की माती तपासणीचा विषय निघतो. आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी आता कृषी सखी म्हणून काम करतात आणि मातीचे नमुने गोळा करणं हे त्यांच्याकडे येणारं पहिलं काम असतं. काम दिसायला अगदी सोपं. खड्डा करा, माती काढा, पिशवीत भरा, चिठ्ठी टाका आणि प्रयोगशाळेत द्या. पण आमच्या भागातल्या सखींच्या पहिल्या हंगामात या सोप्या कामात कुठे कुठे पाय घसरला आणि त्यातून नमुना म्हणजे काय हे त्यांना कसं उमगलं, ते आज सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. "सांगा ताई, पुढच्या बायांचा तरी एक हंगाम वाचेल," असं त्याच म्हणाल्या.

आधी एक हिशोब करू. एक एकर शेतातली वरची वीतभर माती, म्हणजे साधारण पंधरा सेंटीमीटरचा थर, उचलून काट्यावर ठेवला तर त्याचं वजन नऊ लाख किलोच्या आसपास भरतं. दोन एकरांचं झालं अठरा लाख किलो. त्यातली आपण प्रयोगशाळेला देतो अर्धा किलो. आणि प्रयोगशाळा त्या अर्ध्या किलोतून एकेका तपासणीला घेते एक ते पाच ग्रॅम. स्फुरदासाठी तर अडीच ग्रॅम माती पुरते, म्हणजे अर्धा चहाचा चमचाही नाही. अठरा लाख किलोच्या वतीने अर्धा चमचा माती बोलते आणि तिच्या बोलण्यावर आपण खताच्या गोण्या आणतो. भात शिजला का ते आपण एका शितावरून बघतो, ते चालतं, कारण पातेल्यातलं पाणी उकळून सगळीकडे फिरलेलं असतं. शेतातली माती कुणी ढवळलेली नसते. तिथे प्रत्येक शीत वेगळं असतं.

सखींच्या पहिल्या हंगामातल्या पिशव्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळलेली गोष्ट ही, की माती शेताच्या तोंडाशी घेतलेली होती. ऊन मी म्हणत होतं, सकाळचे दहा वाजून गेले होते, एका दिवसात सात-आठ शेतं उरकायची होती. मग पाणंदीवरून आत शिरलं की दहा-पंधरा पावलांवर खुरपं चालवलं. आता शेताच्या तोंडाशी काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथेच शेणखताचा ढीग पडतो, तिथेच बैल बांधतात, तिथेच खताच्या गोण्या उतरतात आणि फुटतात. काही सखींनी पुस्तिकेप्रमाणे आठ ठिकाणची माती घेतली होती, पण त्यातलं एक ठिकाण या जुन्या ढिगाच्या जागेवर पडलं होतं. "आठातलं एकच तर होतं ताई, त्याने काय होतंय?" असं एकीने विचारलं.

काय होतं ते आकड्यांनी बघू. आकडे हिशोबाला सोयीचे घेते. समजा दोन एकरांचं, म्हणजे ऐंशी गुंठ्यांचं शेत आहे. त्यातल्या एका गुंठ्यावर वर्षानुवर्षं उकिरडा होता. तिथे उपलब्ध स्फुरद हेक्टरी ९० किलो आहे आणि बाकीच्या एकोणऐंशी गुंठ्यांत फक्त ८ किलो. सगळ्या शेताची खरी सरासरी काढली तर ती ९ किलोच्या आसपास येते, कारण उकिरड्याचा गुंठा ऐंशीतला एकच. पण आठ खड्ड्यांतला एक खड्डा त्या गुंठ्यावर पडला तर सात खड्डे ८ चे आणि एक ९० चा, सरासरी आली १८. उकिरड्याचं शेतातलं वजन ऐंशीतला एक हिस्सा होतं, नमुन्यात ते आठातला एक हिस्सा झालं. दहापट. सर्वसाधारणपणे स्फुरद हेक्टरी १० किलोच्या खाली असला तर जमीन कमी वर्गात धरतात, १० ते २५ मध्यम आणि त्यापुढे जास्त. म्हणजे ज्या शेताला शिफारशीपेक्षा थोडं जास्तच स्फुरद द्यायला हवं, त्याच्या पत्रिकेवर "मध्यम" असं छापून आलं. प्रयोगशाळेने बरोबर मोजलं, आकडाही खरा आला, पण तो त्या शेताचा नव्हता.

म्हणून बांध, झाडाखालची जागा, विहिरीची कड, पाण्याचा पाट, पाणी साचणारी खोलगट जागा, ढिगाची आणि गुरं बांधायची जागा सोडायला सांगतात. त्या जागा वाईट म्हणून नव्हे. त्या शेताच्या मानाने इतक्या थोड्या आणि इतक्या वेगळ्या असतात की एखादी जरी नमुन्यात आली तरी सगळ्यांवर भारी पडते.

पण नुसती जागा सोडून भागत नाही. खड्डा कुठे घ्यायचा हे शेतात उभं राहून ठरवलं की हात आपोआप ठरावीक ठिकाणी जातो. माती भुसभुशीत असेल तिथे, सावली जवळ असेल तिथे, ढेकळं नसतील तिथे. यात लबाडी नसते, माणसाचा स्वभाव असतो. यावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना पद्धतीतले जगभर मान मिळालेले शास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास करताना त्यांनी दाखवून दिलं की मोजायचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. कारण चौकटीच्या रेषेवर उभी असलेली ताटं कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. तुकडा लहान असेल तर आतल्या पिकाच्या मानाने रेषेवरचं पीक जास्त, म्हणून चूकही मोठी. कापणारा माणूस प्रामाणिक असला तरी हे होतं. कणीस समोर दिसत असताना ते बाहेर सोडवत नाही, एवढंच.

तेव्हा सखींनी पुढच्या खेपेला जागा शेताबाहेरच ठरवल्या. शेताची लांबी पावलांनी मोजायची, आठ खड्डे घ्यायचे असतील तर किती पावलांवर एक हे आधीच वहीत लिहायचं आणि नागमोडी चालत जायचं, एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या. मोजलेलं पाऊल ढेकळांवर पडलं तर ढेकळांतच खणायचं. पाऊल सोडायच्या जागेवर पडलं तरच पाच-सात पावलं पुढे सरकायचं आणि तसं लिहून ठेवायचं.

खड्ड्याचंही थोडं सांगते. खुरप्याने वरवर ओरबाडलेली माती चालत नाही. खत, पालापाचोळा, शेणाचा अंश हे सगळं वरच्या बोटभर थरात जास्त असतं. म्हणून आधी वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा, त्यातली माती फेकून द्यायची आणि मग एका भिंतीचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, इंचभर काप घ्यायचा. भाकरीचा तुकडा मोडताना वरचा पापुद्रा आणि खालचा भाग दोन्ही आले पाहिजेत, तसं. फळबागेसाठी खोली वेगळी असते, तो विषय आज घेत नाही.

आता गोणीची गोष्ट. आठ खड्ड्यांची माती एकत्र कालवायला काहीतरी अंथरावं लागतं. घरात सगळ्यात सहज काय मिळतं? खताची रिकामी गोणी, उसवून मोकळी केलेली. ती झटकली की स्वच्छ दिसते. डीएपीच्या गोणीच्या शिवणीत दोन-चार दाणे अडकलेले असतात, ते दिसत नाहीत. एका दाण्याने काय होतं? डीएपीचा मध्यम आकाराचा दाणा अंदाजे पंचवीस मिलिग्रॅमचा. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे पाच मिलिग्रॅम, निव्वळ स्फुरद. हा एक दाणा अर्ध्या किलोच्या पिशवीत गेला आणि माती कुटताना विरघळून मिसळला, तर किलोमागे दहा मिलिग्रॅमची भर पडली. हेक्टरच्या भाषेत ती होते बावीस किलोच्या आसपास. सगळाच स्फुरद तपासणीत दिसेल असं नाही, काही मातीत अडकून बसतो, पण निम्मा दिसला तरी कमी वर्गातली जमीन मध्यम वर्गात जाऊन बसते. एका दाण्यापायी!

आमच्याकडे हे ध्यानात आलं ते गंमतीने. एकाच सखीच्या जवळजवळ सगळ्या पत्रिकांवर स्फुरद चढा आला होता, शेतं मात्र गावाच्या चारही दिशांची, काळीही आणि मुरमाडही. वेगवेगळी शेतं सारखं बोलू लागली की शंका शेतावर नाही, भांड्यावर घ्यायची. तिच्याकडे कालवायची गोणी एकच होती आणि ती सगळीकडे सोबत नेली होती. आता धुतलेलं जुनं लुगडं किंवा कोरं प्लास्टिक वापरतात. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा असलेली बादली चालत नाही, लोह तपासायचं असेल तर गंजलेलं घमेलं चालत नाही. कारण तेच.

कालवलेली माती चार-पाच किलो होते आणि द्यायची असते अर्धा किलो. ती ओंजळीने वरून उचलली तर चूक, कारण ढिगावर टाकताना खडे घरंगळून कडेला जातात आणि बारीक माती मधे राहते. म्हणून ढीग सपाट पसरायचा, बोटाने अधिकाची खूण करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. पाच किलोचे अडीच, अडीचचे सव्वा, सव्वाचे साधारण सहाशे ग्रॅम. तीन वेळा केलं की झालं. माती ओली असेल तर आधी सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीजवळ नाही.

याहून अवघड चूक पुढे आहे, कारण ती नीट काम करणारीच्या हातूनही होते. एका ताईंचं शेत ओढ्यापासून माळापर्यंत वर चढत गेलेलं. खालचं एकर काळं, भारी. वरचं एकर तांबूस, मुरूम वर आलेलं. सखीने मोजून आठ खड्डे घेतले, चार खाली, चार वर, सगळी माती एकत्र कालवली आणि नियमाप्रमाणे चार भाग केले. कामात खोट काढायला जागा नाही. पण समजा खालच्या मातीत सेंद्रिय कर्ब ०.८० टक्के आहे आणि वरच्या मातीत ०.३०. एकत्र केल्यावर आला ०.५५. सर्वसाधारण वर्गवारीत ०.५० च्या खाली कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त. पत्रिकेवर "मध्यम" आलं. त्या शेतात मध्यम जमीन एक गुंठाही नाही! खालच्या एकराची भरभराट आहे आणि वरचं एकर उपाशी आहे. पत्रिकेप्रमाणे खत दिलं तर खाली वाया आणि वर अपुरं. दोन लेकरांपैकी एक बारा वर्षांचं आणि एक दोन वर्षांचं असेल, तर दोघांना सात वर्षांच्या मापाचे कपडे शिवून आणण्यासारखं आहे हे.

तेव्हा खड्डे मोजण्याआधी शेताचे भाग पाडायचे. मातीचा रंग, उतार, पाणी मिळतं की कोरडवाहू, मागच्या वर्षी कोणतं पीक आणि किती खत, यांपैकी कशातही ठळक फरक असेल तर पिशवी वेगळी. आणि ही माहिती सातबाऱ्यावर नसते. ती त्या शेतात निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाईला असते. कुठे तण जास्त माजतं, कुठे पाऊस उघडला की चौथ्या दिवशी पीक सुकतं, हे तिला विचारायचं आणि त्यावरून भाग पाडायचे. जास्तीच्या पिशवीचा खर्च होतो, हे मान्य आहे. पण फरक नसताना दोन पिशव्या केल्या तर वाया जातो तेवढाच खर्च. फरक असताना एकच केली तर दोन्हीकडचं खत चुकतं.

आता शेतावरून गावावर येऊ. हंगामाच्या शेवटी सखींनी सगळ्या पत्रिका मांडून "आपल्या गावची माती" असा तक्ता केला आणि ग्रामसभेत वाचायचं ठरवलं. तक्त्यावरून गावची जमीन बरीच चांगली दिसत होती. तेव्हा वरच्या वस्तीवरच्या एका आजींनी विचारलं, "आमच्या माळावरनं कुणी माती नेली का गं?" नेली नव्हती. नमुने आले होते गटातल्या सभासदांच्या शेतांतून, त्यातही रस्त्याकडेच्या, आणि ज्यांनी स्वतःहून "आमची घ्या" म्हटलं त्यांच्या. स्वतःहून कोण म्हणतं? जिला खताला पैसे घालायची ताकद आहे ती. आणखी बारकाईने बघितलं तर यादी सातबाऱ्यावरून केलेली. जी एकल बाई माळावरचं एकर बटाईने करते, तिचं नाव सातबाऱ्यावर नाहीच. म्हणजे ज्या जमिनी सगळ्यात हलक्या, त्या यादीतूनच गळाल्या. अशा यादीतून दुप्पट पिशव्या गोळा केल्या असत्या तरी चित्र तेच आलं असतं. पिशव्या वाढवल्याने आकडा पक्का होतो, पण चुकीच्या यादीतला आकडा चुकीच्या जागीच पक्का होतो. माझ्या मते हा त्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण त्या तक्त्यावरून गावाचा खताचा आणि गांडूळखताच्या खड्ड्यांचा आराखडा ठरणार होता.

दुरुस्ती अशी केली. यादी जमीन कुणाच्या नावावर आहे याची नाही, तर यंदा ती कोण पेरणार आहे याची केली. मग तिचे दोन भाग: खालची शेतं आणि माळावरची. समजा खाली ८० नावं आहेत, माळावर ४० आणि प्रयोगशाळा १२ नमुने घेणार आहे. तर खालून ८ आणि वरून ४. खालच्या ८० नावांतून ८ म्हणजे दर दहामागे एक. सुरुवात कुठून, हे चिठ्ठीने ठरवायचं. एक ते दहाच्या चिठ्ठ्या टाकून लहान मुलीला एक उचलायला सांगायचं. सात आली तर सातवं नाव, मग सतरावं, सत्ताविसावं, असं सत्त्याहत्तरपर्यंत. माळावरच्या ४० नावांतही तसंच, नवी चिठ्ठी काढून. चिठ्ठीत आलेली बाई घरी नसेल तर शेजारचीचं शेत घेऊन मोकळं व्हायचं नाही, पुन्हा जायचं. कारण घरी नसलेली बाई बहुतेक दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेलेली असते आणि तिचं शेत शेजारचीसारखं असेल असं नाही.

इथे आपल्या हातातल्या मृदा आरोग्य पत्रिकेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तेव्हाची नमुन्यांची पद्धत अशी होती, की बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकोनातून एक. त्या चौकोनात जेवढे शेतकरी, त्या सगळ्यांना त्याच एका नमुन्याचा निकाल. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर. म्हणजे तुमच्या नावाची, तुमच्या गट नंबरची जुनी पत्रिका असली तरी माती कदाचित चार शेतं पलीकडची असेल. तेवढा मोठा भाग सारखा काळा असेल तर हरकत नाही, मधून माळ जात असेल तर हरकत आहे. ओळखायचं कसं? शेजारणींच्या पत्रिका शेजारी ठेवा. सगळे आकडे शेवटच्या अंकापर्यंत तेच असतील तर ती चौकोनाची पत्रिका आहे, तुमच्या शेताची नाही. तिचा उपयोग आहे, पण परिसराचा अंदाज म्हणून.

आपण घेतलेला नमुना बरा की वाईट हे घरच्या घरी पारखायची एक युक्ती सखी आता दर हंगामात वापरतात. एखाद्या शेताची नीट कालवलेली माती दोन पिशव्यांत भरायची आणि दोन वेगळे क्रमांक टाकून पाठवायची. माती एकच, तेव्हा निकाल जवळजवळ सारखे यायला हवेत. फार वेगळे आले तर कालवण्यात किंवा तपासणीत काहीतरी बिघडलं. दुसरं, त्याच शेतात दुसऱ्या सखीला पाठवायचं, पहिलीने कुठे खणलं ते न सांगता, आणि तिच्या आठ खड्ड्यांची तिसरी पिशवी करायची. पहिल्या दोन पिशव्या जुळल्या आणि तिसरी जुळली नाही, तर प्रयोगशाळेला बोल लावू नका. शेतात फरक जास्त आहे, आठ खड्डे पुरत नाहीत, किंवा शेताचे दोन भाग करायला हवे होते. खर्च दोन पिशव्यांचा होतो, तो गटाने मिळून करावा, गावात एका शेतापुरता.

यंदाची तयारी करणाऱ्यांसाठी शेवटचं. पीक निघाल्यावर आणि पुढचं खत पडण्याआधी माती घ्या; खत टाकलेल्या शेतात निदान दोन-तीन महिने थांबा. एप्रिलमध्ये पिशव्या गेल्या तर पेरणीआधी निकाल हातात येण्याची शक्यता राहते. मेच्या शेवटी प्रयोगशाळेत गर्दी असते. आणि चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओल लागली की पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. नाव, गट नंबर, शेताचा कोणता भाग, खोली, मागचं पीक, पुढचं पीक आणि कसणारीचं नाव. हे शेवटचं नाव छापील नमुन्यात विचारत नाहीत, ते आपण आपल्या हाताने लिहायचं.